वीस सेकंदांत बेबिंका

नाताळची खास बेबिंका रीलमधून जाहीर करताना गोव्यातल्या बेकरीला पटकथेचा सांगाडा पदार्थातच सापडतो. नारळाचं दूध, अंड्यांचा बलक, साखर आणि मैदा यांचं मिश्रण थराथराने ओतायचं, वरून आच देऊन प्रत्येक थर तपकिरी होऊ द्यायचा, तूप सोडायचं आणि मग पुढचा थर. सात थरांचा रिवाज रुळलेला आहे. संगीताच्या ठोक्यांवर बसवायला याहून सोयीचं काही नाही.

आधी संगीत निवडावं, चित्रण नंतर. मिनिटाला 120 ठोक्यांची धून घेतली, तर सेकंदाला दोन ठोके पडतात, म्हणजे वीस सेकंदांत चाळीस. पहिले चार ठोके कापलेल्या तुकड्याला द्यावेत. थर दिसले की पाहणारा थांबतो. पुढच्या चार ठोक्यांत चार जिन्नस, प्रत्येकाला एक. मग सात थर, प्रत्येकी दोन ठोके. एकाच ठोक्यात थर बदलला, तर तो चढतोय हे डोळ्यांना कळतच नाही. त्यानंतर दोन ठोक्यांत बेबिंका साच्यातून ताटात उलटते. इथवर बारा सेकंद होतात.

थरांची ही दृश्यं जुळतात ती भांडं दर वेळी त्याच जागी आलं तरच. भाजणं काही तास चालतं, म्हणून ओट्यावर चिकटपट्टीने भांड्याची खूण करावी, फोन तिपाईवरून हलवू नये आणि प्रकाशाची मांडणी कायम ठेवावी. दिवसाच्या उजेडावर विसंबलं, तर पहिला थर पांढरा आणि सातवा पिवळट दिसतो. ओतण्याची धार भांड्याला टेकते तो क्षण ठोक्यावर यायला हवा. प्रत्येक दृश्य तीन-चार सेकंद चित्रित केलं, तर संकलनात हा क्षण पुढेमागे सरकवता येतो. सेकंदाला तीस चौकटी असतील, तर एक ठोका पंधरा चौकटींचा होतो. कट तीन-चार चौकटी उशिरा पडला तरी दृश्य रेंगाळल्यासारखं वाटतं.

चाखण्याचे आठ ठोके मात्र अखंड ठेवावेत. इथे कट घातला, की प्रतिक्रिया जोडून आणल्यासारखी दिसते. संगीत हळू करावं आणि खाणाऱ्याचा आवाज ऐकू द्यावा. पहिला घास एकदाच खरा असतो. दुसऱ्या वेळी भुवया आधीच वर जातात. म्हणून आवाज, प्रकाश, कोन सगळं जुळवून झाल्यावरच पहिला तुकडा द्यावा आणि काय बोलायचं ते सांगू नये. बेबिंका कुरकुरीत नसल्याने चावण्याचा आवाज मदतीला येत नाही; सगळी भिस्त चेहऱ्यावर राहते. तुकडा थंड झाल्यावर, दर वेळी सुरी पुसून कापावा. गरम असताना थर एकमेकांत मिसळतात.

उरलेल्या आठ ठोक्यांत किंमत, वजन आणि मागणी नोंदवण्याची शेवटची तारीख यावी. हा मजकूर पडद्याच्या मध्यावर किंवा थोडा वर ठेवावा, कारण खालचा भाग इन्स्टाग्रामवरची बटणं आणि ओळी झाकून टाकतात.