बँकेतली शिल्लक म्हणजे नफा नव्हे
एका हिसाबनीसाचे नव्या कंपनीच्या मालकास पत्र

अझीझ भाई,

गेल्या आठवड्यात आपण विचारले की, वर्षाअखेरीस सीए सर्व हिसाब तपासतोच, मग आम्ही दर महिन्याला वह्या बंद करण्याचा आग्रह का धरतो? धारावीत चामड्याच्या बॅगा बनवून ऑनलाइन विकणाऱ्या आपल्या कंपनीचाच मे महिना घेऊ.

३१ मे रोजी बँकेत ६,४०,००० रुपये होते. ते पाहून आपण दोन कारागीर वाढवायचे ठरवले. आम्ही महिना बंद करायला बसलो, तेव्हा पहिली गोष्ट निघाली ती २,५०,००० रुपयांच्या आगाऊ रकमेची. तो माल जुलैत द्यायचा आहे. माल जाईपर्यंत ती विक्री नव्हे, ग्राहकाचे देणे आहे. चेन-बकलांचे १,१८,००० रुपयांचे बिल कारागिराच्या खिशातच राहिले होते. माल मेमध्येच आला व वापरलाही गेला, म्हणून खर्च मेचाच. मेचा १,१०,००० रुपये पगार जूनमध्ये द्यायचा होता आणि जीएसटीचे ६२,००० भरायचे होते. एवढे वजा जाता हाती उरले १,००,०००.

त्या बिलाची गोष्ट इथेच संपत नाही. त्यात १८,००० रुपये कर आहे. ६२,००० चा आकडा आम्ही तो वजा धरूनच काढला होता. पण पुरवठादाराने ते बिल आपल्या विवरणपत्रात ११ तारखेपर्यंत दाखवले, तरच १४ तारखेला तयार होणाऱ्या आपल्या GSTR-2B मध्ये ते दिसते. नाही दिसले, तर २० तारखेला ८०,००० भरावे लागतात. पुरवठादाराने ते पुढे दाखवले तर सवलत पुढच्या महिन्यात मिळते, परंतु आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच. वर्षभराने बिले शोधत बसलो, तर पुरवठादाराने फोन उचलला पाहिजे ना! महिन्याच्या आत त्याला बिलाचा नंबर सांगता येतो, पुढचे पेमेंट रोखूनही धरता येते.

काम फार नाही. पासबुकाची प्रत्येक ओळ वहीशी जुळवायची. ज्या रकमेचा पत्ता लागत नाही ती उचंत खात्यात टाकायची. उचंत खाते महिन्यागणिक फुगू लागले की समजावे, कुठेतरी बिले हरवताहेत. ऑनलाइन विक्रीत मात्र एक अडचण उरते. मेमधला माल जूनमध्ये परत येतो, त्यामुळे मेचा आकडा थोडा अंदाजाचाच राहतो. आम्ही मागील महिन्यांचा अनुभव पाहून परतीची रक्कम बाजूला धरतो.

एकदा महिना बंद झाला की त्यात मागाहून नोंद घालू नये. राहिलेले बिल चालू महिन्यात घ्यावे. नाहीतर आपण कारागिरांचा निर्णय ज्या आकड्यावर घेतला, तोच आकडा पुढे बदललेला दिसेल.

जूनची बिले ५ तारखेपर्यंत पाठवून द्यावीत. कारागिरांच्या खिशातलीसुद्धा.

आपला,
हिसाबनीस