पितृपक्षात निघायचं की घट बसल्यावर?

अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावरची पहिली नोकरी बहुधा 1 ऑक्टोबरपासून सुरू होते, कारण तिथल्या सरकारचं आर्थिक वर्ष त्या दिवशी सुरू होतं. व्हिसा मिळालेल्या माणसाला त्याआधी दहा दिवस तिथे पोचायची मुभा असते. त्यामुळे सप्टेंबरअखेर निघायचं की ऑक्टोबर लागल्यावर, हे पुष्कळदा आपल्याच हातात असतं. घरात मात्र तारीख ठरते ती तिकिटाच्या भावावर, नाहीतर पंचांगावर. 2024 साली सर्वपित्री अमावास्या 2 ऑक्टोबरला होती आणि 3 तारखेला घट बसले. ‘पितृपक्षात कशाला निघतोस, घट बसू देत’ असं म्हणणारी आजी घरोघरी असते. त्या वर्षी तिचं ऐकणाऱ्याला प्राप्तिकराच्या हिशेबात काही लाखांचा फरक पडू शकत होता.

कारण असं की, प्राप्तिकराच्या दृष्टीने तुम्ही कुठले, हे पासपोर्टवरून किंवा व्हिसावरून ठरत नाही. भारतात ते मुख्यतः मुक्कामाच्या दिवसांवरून ठरतं. 1 एप्रिल ते 31 मार्च या वर्षात तुम्ही 182 किंवा त्याहून जास्त दिवस भारतात असलात, तर त्या पूर्ण वर्षासाठी ‘निवासी’ ठरता. एरवी 60 दिवसांचीही एक अट असते, पण नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या भारतीय नागरिकाला जायच्या वर्षापुरती ती लागू होत नाही. त्याच्यासाठी एकच आकडा: 182.

आता बोटं मोजू. एप्रिल ते ऑगस्ट हे पाच महिने मिळून 153 दिवस होतात. त्यात सप्टेंबरचे 29 मिळवले की झाले 182. निघण्याचा दिवसही भारतातच धरावा, म्हणजे वादाला जागा राहत नाही. थोडक्यात, 28 सप्टेंबरपर्यंत निघालेला माणूस अनिवासी ठरतो आणि 29 ला किंवा नंतर निघालेला निवासी. इथे अर्धं वर्ष निवासी आणि अर्धं अनिवासी अशी सोय नाही. जे काय ते अख्ख्या वर्षासाठी.

पुण्यातल्या एका इंजिनिअरचं उदाहरण घेऊ. एप्रिल ते सप्टेंबर 2024 या काळात त्याला इथे 9 लाख रुपये पगार मिळाला. ऑक्टोबरपासून न्यूजर्सीत महिना 7,500 डॉलर, म्हणजे मार्चपर्यंत 45,000 डॉलर. डॉलर 84 रुपयांचा धरला तर ही रक्कम 38 लाखांच्या घरात जाते.

तो 26 सप्टेंबरला निघाला, तर भारतातले त्याचे दिवस भरतात 179. तो अनिवासी. भारतात फक्त इथल्या 9 लाखांवर आणि इथल्या व्याजावगैरेवर कर. अमेरिकेतल्या पगाराशी आपल्या प्राप्तिकर खात्याचा संबंध नाही.

आजीचं ऐकून तो 4 ऑक्टोबरला निघाला, तर दिवस होतात 187. तो निवासी, आणि निवासी माणसाचं जगभरातलं उत्पन्न भारतात करपात्र असतं. अमेरिकेतले 38 लाखही इथल्या रिटर्नमध्ये दाखवावे लागतात आणि ते बहुतांशी 30 टक्क्यांच्या टप्प्यात जातात. नव्या करप्रणालीत त्यापायी कर वाढतो साधारण पावणेअकरा लाखांनी. त्याच पगारावर अमेरिकेत भरलेल्या केंद्रीय कराची वजावट मिळते, पण ढोबळ हिशेबाने तो असतो साडेचार लाखांच्या आसपास. वरचे सहा लाख खिशातून. शिवाय वजावटीसाठी फॉर्म 67 भरायचा आणि तिथलं बँक खातं रिटर्नच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवायचं. भारत-अमेरिका करारात दुहेरी निवासावर तोडगा आहे, त्याचा जानेवारीपासूनच्या पगारापुरता आधार मिळू शकतो. पण त्यासाठी अमेरिकेच्या कर खात्याचं निवास प्रमाणपत्र लागतं, आणि हे काम जाणकार सीएकडूनच करून घ्यावं.

वेळेत निघालेल्यानेही निर्धास्त राहू नये. 26 सप्टेंबरला गेलेला हा इंजिनिअर जानेवारीत बहिणीच्या लग्नाला दोन आठवडे आला, तर 179 मध्ये 14 मिळून 193 होतात आणि तो पुन्हा निवासी होतो. पहिल्या वर्षी मार्चअखेरपर्यंतची प्रत्येक फेरी या मोजणीत येते.

आता अमेरिकेच्या बाजूने पाहू. तिथलं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. ग्रीन कार्ड नसलेल्याला तिथेही दिवसच मोजावे लागतात. चालू वर्षातले सगळे दिवस, मागच्या वर्षातल्यांचा एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षातल्यांचा एक षष्ठांश यांची बेरीज 183 झाली की माणूस निवासी. 26 सप्टेंबर 2024 ला उतरलेल्याचे डिसेंबरअखेर होतात 97 दिवस. म्हणजे 2024 साठी तो अमेरिकेतही अनिवासी! दोन्हीकडे अनिवासी असणं विचित्र वाटलं, तरी त्यात बेकायदा काही नाही. प्रत्येक देश आपापल्या हद्दीतल्या कमाईवर कर घेतो, इतकंच.

घोळ होतो तो यापुढे. एप्रिलमध्ये ऑफिसातले सहकारी ज्या सॉफ्टवेअरवर रिटर्न भरतात, त्यावरच नवा माणूसही भरतो. ते निवासींचा फॉर्म 1040 तयार करतं आणि त्यात 2024 साठी एकट्या माणसाला 14,600 डॉलरची सरसकट वजावट देतं. परतावा घसघशीत दिसतो. पण अनिवासीला फॉर्म 1040-एनआर भरावा लागतो, आणि एच-वन-बीवरच्या भारतीयाला त्यात ही वजावट नाही. चूक ओळखायला फॉर्मच्या माथ्यावरचं नाव वाचलं तरी पुरे. ती सुधारायला फॉर्म 1040-एक्स आहे. राज्याचा हिशेब निराळा. केंद्राच्या लेखी अनिवासी असलेला हाच माणूस न्यूजर्सीत घर करून राहिला, तर तिथे सहसा वर्षाच्या काही भागापुरता निवासी म्हणून रिटर्न भरतो.

लग्न झालेल्यांना आणखी एक वाट आहे. पुढच्या वर्षी 183 ची बेरीज भरली, की काही अटींवर पहिल्या वर्षीही निवासी होण्याचा पर्याय घेता येतो. नवरा-बायको मिळून वर्षभराचे निवासी म्हणून एकत्र रिटर्न भरू शकतात, आणि 2024 साठी त्यांना 29,200 डॉलरची वजावट मिळते. आपल्या उदाहरणात ही बेरीज 31 मे 2025 ला भरते, तर रिटर्नची मुदत 15 एप्रिललाच संपते. म्हणून आधी फॉर्म 4868 भरून मुदतवाढ घ्यायची आणि मग रिटर्न. मात्र त्या बदल्यात दोघांचं जानेवारीपासूनचं भारतातलं उत्पन्नही अमेरिकेला दाखवावं लागतं. बायको घर सांभाळत असेल तर बहुधा हे परवडतं. दोघंही भारतात चांगलं कमावत असतील, तर दोन्ही रीतींनी आकडेमोड करूनच ठरवावं.

भारतातलं रिटर्नही विसरू नये. अनिवासीला सोपा ‘सहज’ फॉर्म चालत नाही; पगार आणि व्याज असेल तर आयटीआर-2. कमी उत्पन्नावरची 87ए ची सूटही अनिवासीला मिळत नाही. बँकेचा नियम तर याहून वेगळा आहे. परकीय चलनाच्या कायद्यानुसार नोकरीसाठी देश सोडला की दिवस न मोजताच माणूस अनिवासी होतो, म्हणून साधं बचत खातं एनआरओ करून घ्यावं लागतं, मग तो 26 सप्टेंबरला निघालेला असो वा 4 ऑक्टोबरला.

जाणाऱ्यांना सांगणं एवढंच: पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या प्रती आणि अमेरिकेचा आय-94 नोंदीचा कागद जपून ठेवा, आणि रिटर्नवर सही करण्याआधी दोन्ही देशांच्या फॉर्मवर निवासी लिहिलंय की अनिवासी, ते स्वतः वाचा. रिटर्न सीएने भरलं तरी नोटीस तुमच्याच नावाने येते.