आठ आठवड्यांच्या पट्ट्या

अंतिम वर्षाच्या एका विद्यार्थिनीसाठी गेल्या पावसाळ्यात आखलेला ईसीजी-वाचनाचा आठ आठवड्यांचा पाठ आता पुरा झाला आहे, आणि तिची नोंदवही पुढ्यात घेऊन चाळताना एक गोष्ट स्पष्ट दिसते, ती ही की त्या पाठाचे जे काही यश होते ते त्यातील विषयांपेक्षा त्यांच्या क्रमात होते. हृदयविकाराचा झटका ओळखण्याचा भाग मी हेतुपुरस्सर सहाव्या आठवड्यापर्यंत लांबणीवर टाकला होता. याबद्दल तिची तक्रार होती, आणि ती स्वाभाविकही होती. परंतु ज्याला प्रथमच एसटी खंडाची उंची पाहण्यास शिकविले जाते, तो पुढे कित्येक वर्षे प्रत्येक पट्टीवर तेवढीच एक वस्तू शोधत राहतो व उरलेला सारा मजकूर न वाचताच निकाल देऊन मोकळा होतो, असा माझा अनुभव आहे.

पहिला पंधरवडा म्हणून निव्वळ कागदाचा होता. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने सरकतो, म्हणून लहान चौकोन ०.०४ सेकंदाचा आणि मोठा ०.२ सेकंदाचा, उंचीचे १० मिलिमीटर म्हणजे एक मिलिव्होल्ट, आणि हे प्रमाण खरोखर तेच आहे की नाही याचा दाखला पट्टीच्या कडेला उमटलेल्या चौकटीदार खुणेत मिळतो, जिच्याकडे बहुतेक वाचक ढुंकूनही पाहत नाहीत. ठोके नियमित असतील तर दोन आर तरंगांमधील मोठ्या चौकोनांनी ३०० ला भागावे. अनियमित असतील तर दहा सेकंदांतील क्यूआरएस मोजून त्यांस सहाने गुणावे. हे सर्व तिने शाळेच्या कंपासपेटीतील डिव्हायडर घेऊन केले, आणि यंत्राने माथ्यावर छापलेला अभिप्राय दुमडून ठेवण्याची तिला सक्त ताकीद होती. स्वतःचे वाचन लिहून झाल्यावरच ती घडी उलगडण्याची मुभा असे.

त्याच पंधरवड्यात सकाळी वॉर्डात तंत्रज्ञाबरोबर उभे राहून इलेक्ट्रोड लावण्याचे कामही तिने केले. व्ही-१ व व्ही-२ यांची जागा उरोस्थीच्या दोन्ही अंगांना चौथ्या बरगड्यांमधील अंतरात असते. ती नजरेच्या अंदाजाने ठरविली की इलेक्ट्रोड हटकून वर चढतात, व मग निरोगी माणसाच्या पट्टीवरही जुन्या झटक्याचा किंवा उजव्या शाखेच्या अवरोधाचा भास होतो. उरोस्थीवरील उंचवटा बोटाने चाचपून दुसरी बरगडी गाठायची आणि तेथून खाली मोजत यायचे, हाच खरा मार्ग. दोन हातांच्या तारांची अदलाबदल झाली तर लीड १ मधील सर्व तरंग उलटे होतात आणि एव्हीआर सरळ होतो. हृदय उजव्या बाजूस असलेल्या माणसातही हेच घडते. परंतु त्याच्या छातीच्या लीड्समध्ये आर तरंग व्ही-६ कडे जाताना खुजा होत जातो, तर नुसत्या अदलाबदलीत तो नेहमीप्रमाणे वाढत जातो.

तिसऱ्या आठवड्यातील अक्षाच्या पाठाबद्दल फारसे लिहिण्याजोगे नाही. लीड १ आणि एव्हीएफ यांवरून दिशा ठरविण्यास दोन संध्याकाळी पुरल्या असत्या. चौथ्यात रुंद क्यूआरएस आणि शाखांचे अवरोध झाले, पाचव्यात ताल. तालाच्या आठवड्यात एकच शिरस्ता होता: प्रथम पी तरंग शोधावा, तो डिव्हायडरने ओळीने मोजीत जावा, आणि प्रत्येक पी मागून क्यूआरएस येतो काय, व किती अंतराने, हे लिहावे.

या शिरस्त्याचे चीज सहाव्या आठवड्यात झाले. जुन्या दप्तरातून, नावाचा भाग कापून, तिच्यापुढे ठेवलेली पट्टी एका अठ्ठावन्न वर्षांच्या शेतकऱ्याची होती. पोटाच्या वरच्या भागात जळजळ, दरदरून घाम, रक्तदाब ९६/६०, आणि केसपेपरवर प्रथम झालेली नोंद पित्ताची. लीड २, ३ आणि एव्हीएफ यांत एसटी खंड उचललेला आहे हे कोणाही नवशिक्याच्या ध्यानी आले असते. पण तिने क्रम मोडला नाही. दहा सेकंदांत क्यूआरएस नऊ, म्हणजे गती ५४. मात्र पी तरंग बारा, आणि ते २१ लहान चौकोनांच्या अंतराने अगदी नियमित. पी पासून क्यूआरएसपर्यंतचे अंतर प्रथम पाच लहान चौकोन, नंतर सात, नंतर आठ, आणि चौथा पी एकाकी, क्यूआरएसवाचून. मग पुन्हा पाच. हा वेन्केबाख अवरोध, आणि तो केवळ एसटी खंडावर दृष्टी खिळविणाऱ्याच्या नजरेतून निसटला असता.

यानंतर तिने उंची मोजली: लीड २ मध्ये दोन मिलिमीटर वर, लीड ३ मध्ये तीन वर, लीड १ मध्ये एक खाली, एव्हीएल मध्ये दोन खाली. आइन्थोव्हेनच्या नियमाप्रमाणे लीड १ व ३ यांची बेरीज लीड २ इतकी यावी लागते, आणि उणे एक अधिक तीन हे दोनच होतात. हिशेब जुळला म्हणजे मोजणीवर विश्वास ठेवता येतो. लीड ३ ची उंची लीड २ हून अधिक आणि एव्हीएल खाली, यावरून संशय उजव्या रोहिणीवर जातो. आणि बहुतेक माणसांत कर्णिका-जवनिका गाठीस रक्त तीच पुरविते, म्हणून झटका व अवरोध ही दोन निराळी प्रकरणे न राहता एकाच अडथळ्याची फळे ठरतात. आता उजव्या जवनिकेची जबानी घेणे प्राप्त होते: व्ही-४ चा इलेक्ट्रोड छातीच्या उजव्या अंगास त्याच उंचीवर लावून घेतलेल्या पट्टीत एसटी खंड एक मिलिमीटर वर होता. अशा रुग्णाचे हृदय शिरांतून परतणाऱ्या रक्ताच्या भरण्यावर तग धरून असते, आणि जिभेखालची नायट्रेटची गोळी तो भरणाच काढून घेते; आधीच ९६ असलेला रक्तदाब त्यानंतर कोठवर उतरेल हे तिला सांगावे लागले नाही.

सातव्या आठवड्यात झटक्याचे सोंग घेणाऱ्या पट्ट्या होत्या: डाव्या शाखेचा अवरोध, हृदयावरणाचा दाह, वाढलेले पोटॅशियम. येथे तिचा वेग मंदावला, आणि तो मंदावणे मला आवडले. कारण पुष्कळदा निकाल त्या पट्टीत नसून त्याच रुग्णाच्या मागील वर्षीच्या पट्टीत असतो, व ती मागवून शेजारी ठेवण्यास वेळ द्यावा लागतो. याच आठवड्यात तिने उलट बाजूही पाहिली. छातीत दुखत असताना घेतलेली पहिली पट्टी स्वच्छ असली तरी तिने झटका नाकारला जात नाही. वेदना चालू असेपर्यंत पंधरा ते तीस मिनिटांनी ती पुन्हा काढावी लागते, आणि व्ही-१ ते व्ही-३ मध्ये एसटी खंड खाली दिसला तर पाठीवर व्ही-७ ते व्ही-९ लावून पाहावे लागते.

शेवटच्या आठवड्यात सर्व प्रकार मिसळून, वय आणि तक्रार याखेरीज कोणताही तपशील न देता, रोज पाच पट्ट्या ठेवल्या. नेहमीच्या पट्ट्यांवर तिचा हात स्थिर झाला होता. अडली ती रुंद क्यूआरएसच्या द्रुतगतीपाशी, जेथे अनुभवी हृदयरोगतज्ज्ञही अडतात. तेथे तिने "जवनिकेतून उगम, अन्यथा सिद्ध होईपर्यंत" असे लिहिले, आणि तूर्त एवढे उत्तर रुग्णाच्या हिताचे आहे. बालकांचे कार्डिओग्राम या पाठात आलेच नाहीत. त्यांत उजव्या जवनिकेचे प्राबल्य आणि व्ही-१ मधील उलटा टी तरंग हेच वयानुसार स्वाभाविक असल्याने प्रौढांची मापे तेथे चालत नाहीत. ती बालरोग विभागात रुजू होईल तेव्हा त्यासाठी वयवार कोष्टक घेऊन निराळा पाठ आखावा लागेल.