‘थोडक्यात पण सविस्तर’ पाठवा म्हणतात, मग काय पाठवायचं?

व्हिडिओत हा विषय पटकन सांगून झाला, पण बऱ्याच जणांना उत्तराचा नमुना लिहून हवा होता. म्हणून आज एकच उदाहरण घेऊन नीट बघू.

समजा, भूमजवळच्या एका ताईंचा खव्याचा छोटा व्यवसाय आहे. पुण्याच्या एका मिठाईवाल्याचा त्यांना मेसेज येतो: “ताई, तुमच्या खव्याची माहिती थोडक्यात पाठवा, पण सविस्तर पाहिजे, काही सुटायला नको. संध्याकाळी पार्टनरला दाखवायचंय.”

आपण अशा वेळी काय करतो? थोडक्यातही नाही आणि सविस्तरही नाही, असा मधलाच मजकूर पाठवतो. पंधरा-वीस ओळी, सगळं एकाच परिच्छेदात. पार्टनर तो वाचत नाही, कारण लांब आहे. मिठाईवाला वाचतो आणि विचारतो, “भाडं कुणाचं?” कारण ते सुटलेलं असतं. दोन्ही सूचना अर्ध्या-अर्ध्या पाळल्या की एकही पाळली जात नाही.

आधी बघा, कोणता शब्द कशासाठी आहे

मेसेजमध्येच खूण आहे. ‘थोडक्यात’ हे पार्टनरसाठी आहे, कारण त्याला संध्याकाळी मोबाईलवर एक नजर टाकायचीय. ‘सविस्तर’ हे मिठाईवाल्यासाठी आहे, कारण ऑर्डर देताना त्याला परत परत फोन करायचा नाही. म्हणजे इथे खरा विरोध नाहीच. वाचणारे दोघं आहेत, म्हणून उत्तराचे दोन भाग करायचे आणि ते पहिल्याच ओळीत सांगून टाकायचं. असं:

“नमस्कार सर. तुम्ही थोडक्यात आणि सविस्तर, दोन्ही म्हणालात. म्हणून वर पाच ओळींत सारांश देते, पार्टनरना तेवढाच दाखवला तरी चालेल. खाली पूर्ण तपशील आहे. वेगळं काही हवं असेल तर सांगा.

१. माल: फक्त म्हशीच्या दुधाचा पिंडी खवा, पेढा-बर्फीसाठी.
२. दर: ३९० रुपये किलो, भूममध्ये. पुण्यापर्यंतचं भाडं तुमचं.
३. रोज जास्तीत जास्त ४० किलो. ऑर्डर आदल्या दिवशी दुपारपर्यंत.
४. माल पोचला की लगेच फ्रिजमध्ये ठेवावा लागेल.
५. पहिल्या तीन ऑर्डरला पैसे आधी.”

याखाली तपशील येतो: पॅकिंग किती किलोचं, गाडी किती वाजता निघते, परवाना क्रमांक, माल खराब निघाला तर काय. (यातले सगळे आकडे नमुन्याचे आहेत, तुम्ही तुमचे घाला.)

सगळ्यात कामाची आहे ती पहिली ओळ. ताईंनी मेसेजचा अर्थ काय लावला हे ती उघड सांगते. अर्थ चुकला असेल तर मिठाईवाला एका वाक्यात दुरुस्त करू शकतो: “नाही ताई, पार्टनरला पण सगळंच बघायचंय.” ही ओळ नसती तर वर सारांश आणि खाली तेच परत का लिहिलंय, असं त्याला वाटलं असतं.

विरोध खरा असेल तेव्हा

आता दुसरा मेसेज येतो: “खवा एक नंबर पाहिजे, पूर्ण म्हशीच्या दुधाचा. पण दर ३०० च्या वर नको.”

इथे वर-खाली मांडणी करून भागत नाही. हिशोब करून बघा. एक किलो खव्याला म्हशीचं साधारण पाच लिटर दूध आटवावं लागतं. दूध ६० रुपये लिटर धरलं तर ३०० रुपये दुधातच गेले. सरपण, मजुरी, पॅकिंग अजून बाकीच आहे. म्हणजे दोन्हीतली एक गोष्ट सोडावीच लागणार. प्रश्न एवढाच की ती कोणी सोडायची, आणि सांगून की न सांगता.

न सांगता सोडली की काय होतं ते या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. खव्यात पीठ मिसळलं जातं. ‘गिऱ्हाईकानेच दर पाडला, मी काय करू?’ असं कारणही तयार असतं. पण खव्यावर आयोडीनचे दोन थेंब टाकले की पिठामुळे निळा रंग येतो, आणि ती भेसळच ठरते. दर कमी मागणाऱ्याने भेसळ मागितली नव्हती. दोन सूचनांचा मेळ तुम्ही मनातल्या मनात घातला, म्हणून तिची जबाबदारी तुमची झाली.

तोच मेळ उघड घातला तर उत्तर असं होतं:

“सर, पूर्ण म्हशीच्या दुधाचा खवा ३०० मध्ये बसत नाही, तेवढं दूधच लागतं. दोन मार्ग आहेत. म्हशीचा खवा हवा असेल तर दर ३९०. दर ३०० च हवा असेल तर गाईच्या दुधाचा खवा देते. तो थोडा पिवळसर असतो, आणि पावतीवर तसं लिहून देईन. कोणता करू?”

बघा, यात नकार नाही आणि रडगाणंही नाही. काय जुळत नाही, का जुळत नाही आणि पुढचे दोन रस्ते, बस. निवड गिऱ्हाईकाची.

आधी विचारायचं की आधी करायचं?

पहिल्या मेसेजला ताईंनी न विचारता उत्तर पाठवलं, दुसऱ्याला विचारलं. फरक चुकीच्या किमतीचा आहे. माहितीचा मेसेज चुकला तर दहा मिनिटांत दुसरा लिहिता येतो. दोनशे लिटर दूध कढईत गेलं की परत येत नाही. म्हणून चूक स्वस्त असेल तर करून टाका आणि काय गृहीत धरलं ते लिहा. चूक महाग असेल तर भट्टी पेटवायच्या आधी विचारा.

विचारतानाही एकच प्रश्न विचारा, तोही पर्याय देऊन. “नक्की काय पाहिजे तुम्हाला?” असं विचारलं की समोरचा वैतागतो, कारण त्याच्या मते त्याने सांगितलेलं असतं. “म्हशीचा ३९० की गाईचा ३००?” याचं उत्तर एका शब्दात येतं.

एक मर्यादा लक्षात ठेवा. विचारून दोन तास झाले, उत्तर नाही, आणि गाडीची वेळ आलीय, असंही होतं. तेव्हा ज्यात नंतर बदल करता येतो ती बाजू घ्या आणि कळवा: “उत्तर आलं नाही म्हणून आज फक्त ५ किलो म्हशीचा नमुना पाठवलाय, ३९० ने. बाकी तुम्ही सांगाल तसं.”

शेवटी, असे मेसेज आपणही पाठवतोच. लेबल छापणाऱ्याला आपण लिहितो, “लेबल साधं ठेवा, पण सगळं येऊ द्या.” त्याऐवजी लिहा: “समोर फक्त नाव, वजन आणि हिरवा ठिपका. बाकी सगळं मागे.” ‘साधं’ कुठे आणि ‘सगळं’ कुठे हे आपणच सांगितलं, की त्या बिचाऱ्याला अंदाज बांधावा लागत नाही.

तुमच्याकडे असा एखादा मेसेज पडून असेल तर आजच उघडा आणि त्याच्या उत्तराची फक्त पहिली ओळ लिहून बघा: “तुम्ही हे आणि ते, दोन्ही म्हणालात, म्हणून मी असं करतोय.” पुढचं उत्तर मग सोपं जातं.