पाच वर्षं हप्ते भरले, कर्ज किती उरलं?

गृहकर्ज घेतलं की परतफेडीचा एक लांबलचक तक्ता हातात पडतो. वीस वर्षांच्या कर्जाला दोनशे चाळीस ओळी, आणि प्रत्येक ओळीत हप्ता, त्यातलं व्याज, त्यातलं मुद्दल आणि शिल्लक. घर विकायचं असेल, कर्ज दुसऱ्या बँकेत न्यायचं असेल किंवा हाती आलेली एकरकमी रक्कम कर्जात भरायची असेल, तर आपल्याला त्यातला एकच आकडा हवा असतो: आज मुद्दल किती बाकी आहे? त्यासाठी तक्ता शोधायला नको आणि नव्याने मांडायलाही नको. पहिल्या हप्त्यात मुद्दलाचा वाटा किती होता एवढं ठाऊक असेल, तर बाकीचं काम एका ओळीत होतं.

एक उदाहरण घेऊ. कर्ज ३० लाख रुपये, व्याज वर्षाला ९ टक्के, मुदत २० वर्षं. मासिक व्याजदर पाऊण टक्का, म्हणजे ०.००७५. हप्ता येतो २६,९९२ रुपये. पहिल्या महिन्याचं व्याज ३० लाखांवर पाऊण टक्का, म्हणजे २२,५०० रुपये. उरलेले ४,४९२ रुपये मुद्दलात जमा होतात.

दुसऱ्या महिन्यात काय होतं ते नीट पाहा. मुद्दल ४,४९२ रुपयांनी कमी झालं, त्यामुळे व्याज त्या रकमेच्या पाऊण टक्क्याने, म्हणजे ३३ रुपये ६९ पैशांनी उतरलं. हप्ता तर तेवढाच आहे. मग व्याजातून सुटलेले ३३ रुपये ६९ पैसे जातात कुठे? मुद्दलात. दुसऱ्या हप्त्यातला मुद्दलाचा वाटा होतो ४,५२५ रुपये ६९ पैसे, म्हणजे पहिल्या वाट्याच्या बरोबर १.००७५ पट. तिसऱ्या महिन्यात तो पुन्हा तेवढ्याच पटीने वाढतो, आणि हे शेवटच्या हप्त्यापर्यंत चालतं.

सूत्राचं सगळं मर्म इथेच आहे. फेडलेलं मुद्दल म्हणजे ४,४९२ रुपयांपासून सुरू होऊन दर महिन्याला १.००७५ पटीने वाढणाऱ्या रकमांची बेरीज. दरमहा ४,४९२ रुपयांची आरडी उघडली, तिला कर्जाइतकंच व्याज मिळालं आणि ते महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ झालं, तर तिच्यात जेवढी रक्कम साठेल तेवढंच आपलं मुद्दल फिटलेलं असतं. शाळेत शिकलेल्या भूमिती श्रेणीची बेरीज वापरली की सूत्र तयार:

```
A = E − P × r
B = P − A × ((1 + r)^k − 1) / r
```

यात `P` म्हणजे मूळ कर्ज, `E` हप्ता, `r` मासिक व्याजदर, `k` भरून झालेल्या हप्त्यांची संख्या, `A` पहिल्या हप्त्यातलं मुद्दल आणि `B` बाकी मुद्दल.

आता पाच वर्षांनंतरची, म्हणजे साठ हप्त्यांनंतरची बाकी काढू. १.००७५ चा साठावा घात येतो १.५६५६८१. बहुतेक फोनवर कॅल्क्युलेटर आडवा धरला की घाताचं बटण दिसतं. त्यातून १ वजा करून ०.००७५ ने भागलं की ७५.४२४१ मिळतात. त्याला ४,४९२ ने गुणलं की फिटलेलं मुद्दल येतं सुमारे ३,३८,८०५ रुपये. म्हणून बाकी २६,६१,१९५ रुपये. एक्सेलमध्ये हाच आकडा असा मिळतो:

```
=FV(9%/12,60,26992,-3000000)
```

या पाच वर्षांत आपण भरले १६,१९,५२० रुपये. त्यातले १२,८०,७१५ रुपये व्याजात गेले. मुद्दलाचा वाटा दर महिन्याला फक्त पाऊण टक्क्याने वाढतो, त्यामुळे सुरुवातीची वर्षं अशीच जातात. याच कर्जात निम्मं मुद्दल फिटायला दहा नव्हे, सुमारे चौदा वर्षं लागतात.

घात काढताना दशांश मात्र पुरेसे ठेवा. १.५६५६८१ ऐवजी १.५७ घेतलं, तर उत्तर अडीच हजारांहून जास्त चुकतं.

सूत्राची एक अट आहे: त्या सगळ्या काळात दर आणि हप्ता दोन्ही तेच राहिलेले हवेत. आपल्याकडे गृहकर्जं बहुधा फ्लोटिंग दराची असतात. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची फ्लोटिंग दराची नवी गृहकर्जं रेपो दरासारख्या बाहेरच्या मापदंडाला जोडलेली असतात. त्यामुळे वीस वर्षांत दर अनेकदा बदलतो. तरीही तक्ता लागत नाही. ज्या दिवशी दर बदलला त्या दिवसाची बाकी हेच नवं `P` मानायचं आणि हप्ते पुन्हा एकपासून मोजायचे. मध्येच एकरकमी भरणा केला, तर तो वजा करून असंच पुढे जायचं.

आपल्या उदाहरणात साठ हप्त्यांनंतर दर साडेनऊ टक्के झाला आणि हप्ता तोच ठेवला, असं समजा. २६,६१,१९५ रुपयांवर महिन्याचं व्याज होतं २१,०६८ रुपये. ९ टक्क्यांनी एकसष्टाव्या हप्त्यातून मुद्दलात ७,०३३ रुपये गेले असते, आता जातात ५,९२४. आधी १८० हप्ते उरले होते, ते आता १९३ होतात. दर अर्ध्या टक्क्याने वाढला आणि कर्ज वर्षाहून अधिक लांबलं. हप्ता बदलत नसल्यामुळे हे पटकन लक्षात येत नाही. दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय कर्जदाराला द्यावा, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलं ते यासाठीच. ‘फ्लॅट’ दराच्या कर्जाला हे सूत्र मुळीच लागू पडत नाही, कारण तिथे व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच धरलेलं असतं.

बँकेचा आकडा आणि आपला आकडा जुळला नाही, तर फरक किती आहे त्यावरून कारण ओळखता येतं. काही रुपयांचा फरक हप्ता पूर्णांकात आणल्यामुळे पडतो. फरक एका हप्त्यातल्या मुद्दलाएवढा असेल, आपल्या उदाहरणात सात हजारांच्या आसपास, तर बहुधा हप्ते मोजण्यात एकाची चूक झाली आहे. कर्ज बंद करण्याच्या पत्रात मागच्या हप्त्यानंतरच्या दिवसांचं व्याजही धरलेलं असतं. ते इथे दिवसाला सुमारे ६५६ रुपये पडतं, तेव्हा आपल्या उत्तरात दिवस मोजून तेही मिळवा. फरक याहून मोठा असेल तर दराचा एखादा बदल, चुकलेला हप्ता किंवा खात्याला लावलेलं शुल्क आपल्या हिशेबात आलेलं नाही.

तेव्हा दर बदलल्याचा संदेश आला की त्या दिवसाची बाकी, नवा दर आणि हप्ता एवढे तीन आकडे लिहून ठेवा. एप्रिलमध्ये बँकेचं विवरण आलं की सूत्राने एकदा पडताळून पाहा, आणि फरकाचं कारण सापडलं नाही तर शाखेकडे लेखी मागा.