चौकट : एसीच्या कॉइलवरची हवा आलेखावर

सायक्रोमेट्रिक आलेखात आडव्या अक्षावर हवेचे साधे तापमान असते आणि उभ्या अक्षावर किलोभर कोरड्या हवेमागे किती ग्रॅम बाष्प आहे ते. डावीकडची वक्ररेषा म्हणजे १०० टक्के आर्द्रता. समुद्रसपाटीचा आलेख घ्या.

आत जाणारी हवा : साधे तापमान २७ अंश, ओल्या फडक्याच्या तापमापीवर १९. हा बिंदू सुमारे १०.५ ग्रॅम बाष्प दाखवतो. तिथून आडवे डावीकडे सरका. वक्ररेषा पावणेपंधरा अंशांच्या आसपास भेटते. हा दवबिंदू.

बाहेर येणारी हवा : १४ अंश, ९ ग्रॅम. दोन्ही बिंदू जोडणारी रेषा खाली-डावीकडे वाढवली की ती वक्ररेषेला १२ अंशांजवळ टेकते. हे कॉइलच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान मानतात. प्रत्यक्षातला मार्ग वाकडा असतो. सरळ रेषा ही सोय आहे.

हिशेब : किलोमागे एन्थाल्पी सुमारे ५४ वरून ३७ किलोज्यूलवर येते. या १७ पैकी १३ हवा थंड करण्यात, उरलेले बाष्पाचे पाणी करण्यात जातात. दीड टनी एसी पूर्ण क्षमतेने चालला, तर तासाला सुमारे १.६ लिटर पाणी निघते.

चुकते कुठे : कॉइल दवबिंदूपेक्षा गरम राहिली, तर रेषा आडवीच सरकते. खोली गार होते, पण दमटपणा जात नाही. दमट दिवशी एसी बराच वेळ चालूनही निचऱ्याची नळी कोरडी असेल आणि आत पाणी तुंबलेले नसेल, तर आधी कॉइलचे तापमान तपासा.