नेल आर्टचं टेबल मांडण्याआधी

चालत्या पार्लरमध्ये नेल आर्ट सुरू करताना पहिला खर्च टेबल, दिवा आणि रंगांवर होतो. खरं तर आधी कळायला हवं ते एवढंच, की आयब्रो आणि फेशियलला येणाऱ्या बायका नखांसाठी पैसे मोजतील का, आणि मोजले तर पुन्हा येतील का. नुसतं विचारून हे समजत नाही. ‘नेल आर्ट सुरू केलं तर कराल का?’ असं विचारलं की ओळखीच्या बहुतेकजणी आनंदाने हो म्हणतात. त्यातल्या किती येतील, हे वेळ ठरवून 100 रुपये आगाऊ मागितले की दिसतं.

उदाहरणादाखल सांगलीसारख्या शहरातलं तीन खुर्च्यांचं लेडीज पार्लर घेऊ. स्वतःचं सामान घेऊन येणाऱ्या नेल टेक्निशियनला इथे आठवड्यातून दोन दिवस बोलवावं आणि मिळकत ठरलेल्या टक्केवारीने वाटून घ्यावी. पार्लरने फक्त एक कोपरा, प्लग आणि चांगला उजेड द्यायचा. त्यासाठी केसांची खुर्ची अडवू नये, नाहीतर नखांची कमाई हेअरकटच्या नुकसानीत जाते. दर मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण घ्यावा. निम्म्या दरात आलेली गर्दी सवलतीची असते, तिच्यावरून मागणी मोजता येत नाही.

सुरुवातीला सेवाही मोजक्या ठेवाव्यात. रोज कणीक मळणाऱ्या, भांडी घासणाऱ्या हातांना लांब एक्स्टेन्शन अडचणीचं होतं. आखूड नखांवरची जेल पॉलिश जास्त सोयीची. बेस कोट, रंगाचे दोन हात, टॉप कोट आणि प्रत्येक थरानंतर दिव्याखाली सुकवणं, अशी बैठक साधारण तासाभराची होते. चांगली लावलेली जेल पॉलिश दोन ते तीन आठवडे टिकते. फिके रंग हळदीने पिवळे पडतात, म्हणून नवरीला हळदीनंतरची वेळ द्यावी किंवा गडद रंग सुचवावा.

पाहणी आठ आठवडे तरी चालवावी, कारण खरं उत्तर दुसऱ्या फेरीत मिळतं. समजा, पहिल्या चार आठवड्यांत 22 जणी आल्या आणि पुढच्या चार आठवड्यांत त्यांतल्या 9 परतल्या. पहिल्यांदा येणारीला कुतूहल असतं, ओळखीचा मान राखायचा असतो. परतणारीला ती सेवा हवी असते. त्यामुळे वहीत नाव, तारीख, केलेलं काम आणि त्या दिवसाचं एकूण बिल लिहावं. एकूण बिल महत्त्वाचं. नखांसाठी एखादीने नेहमीचं फेशियल सोडलं, तर धंदा वाढला नाही, पैसा एका कामावरून दुसऱ्यावर गेला. लगीनसराईतला आकडा वेगळा मांडावा. नवरी आणि करवल्या एकदाच येतात.

न परतलेल्यांना मात्र फोन करायलाच हवा. पॉलिश आठवड्यात कडेने उचकटली असेल, तर दोष मागणीचा नाही, कामाचा आहे: नखावर तेलकटपणा राहिला, किंवा क्युटिकलवर जेल चढली. अशा फटीत ओल राहून नखावर हिरवट डागही पडू शकतो. बोटांना खाज सुटली, नखांभोवतीची कातडी लाल झाली, तर जेलची अ‍ॅलर्जी असू शकते. तिथे सेवा थांबवून डॉक्टरांकडे पाठवावं. कारागीर पॉलिश खरवडून काढते का, हेही पाहावं. अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा कंटाळा केला, की नखाचा वरचा थर सोलून निघतो आणि ती बाई परत येत नाही.

आता गुंतवणुकीचा हिशेब. समजा टेबल, एलईडी दिवा, ड्रिल, धूळ ओढणारा पंखा, रंग आणि पार्लरमधल्या एका मुलीचं प्रशिक्षण मिळून 60,000 रुपये लागतात. बैठकीचे 600 रुपये येतात. त्यातून सामानाचे 80 आणि मुलीचे 150 गेले की 370 उरतात. म्हणजे घातलेले पैसे सुटायला सुमारे 162 बैठका हव्यात. आठवड्याला 10 होत असतील तर साधारण चार महिने पुरतात. चारच होत असतील तर नऊ-दहा महिने लागतात, आणि तोवर ती मुलगी शिकून दुसरीकडे जाण्याची जोखीम राहते. अशा वेळी पाहुणी टेक्निशियनच चालू ठेवणं शहाणपणाचं.

स्पाच्या बाबतीत पेडिक्युअर स्पाची चाचणी सोपी आहे: टब, गरम पाणी, स्क्रब आणि आहे तीच खुर्ची पुरते. बॉडी मसाजला मात्र स्वतंत्र बंद खोली, पाण्याची सोय आणि प्रशिक्षित बाई लागते, शिवाय स्थानिक परवान्याची चौकशी आधी करावी लागते. भिंत घालून नंतर ती पाडणं महाग पडतं. म्हणून पेडिक्युअरला येणाऱ्यांपैकी किती जणी मसाजसाठी आगाऊ पैसे ठेवतात, ते पाहून मगच गवंड्याला बोलवावं.